पोलिसांनी जबाबाला बोलावलंय, सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं का?

अंबाजोगाईचा सुनील

नमस्कार मंडळी, कायद्यातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज वेळ काढून वाचा, घरात सगळे टेन्शनमध्ये हायेत.

धाकटा भाऊ आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत कॅशियर होता. संस्था बुडाली, शटर खाली आलं, ठेवीदारांनी फिर्याद दिली आन अध्यक्ष, संचालक, मॅनेजर ह्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. एफआयआरमध्ये नावं लिहून शेवटी "व इतर" असं टाकलंय, भावाचं नाव त्यात नाही. त्याला नोटीस आली ती साक्षीदार म्हणून जबाब द्यायला या अशी, वर कलम १७९ लिहिलेलं. पहिल्या खेपेला नीट बसवून विचारलं. नंतर बोलावलं तर सूरच बदललेला, व्हाउचरचा गठ्ठा समोर टाकला आन एकेक दाखवून विचारायलेत की ही सही तुझी का, ही रोकड कुणाच्या हातात दिली, तिजोरीची दुसरी चावी कुणाकडं असायची, तुझ्या नावावरचा प्लॉट कशाच्या पैशातून घेतला. ह्यानं काही सांगितलं, काहीला गप बसला. तर म्हणले "गप बसला म्हणजे तूच खाल्ले, उद्या आरोपी करतो".

आता परत बोलावलंय. नमुना सह्या द्यायच्यात आन मोबाइल उघडून द्यायचाय असं तोंडी सांगितलंय. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या माणसाला एखाद्या प्रश्नाचं उत्तर देत नाही असं म्हणता येतं का? म्हणलं तर ते पुढं कोर्टात त्याच्यावर उलटतं का? आन सह्या, मोबाइलचं काय?

किनवटचा भीमा

सुनील भाऊ, काही टेन्शन घेऊ नका. संविधानातच हाय, कलम २०(३), कोणालाच स्वतःच्या विरोधात बोलायला लावता येत नाही. तोंडाला कुलूप लावायचं, सही द्यायची नाही, मोबाइल द्यायचा नाही, काहीच नाही. आन पोलिसांसमोर काय पण बोललं तरी ते कोर्टात चालत नाही, त्यामुळं भ्यायचं कारणच नाही.

रेणुका, वकील, परभणी

भीमाभाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण जे अर्धं राहिलं त्यातच सुनीलच्या भावासारखी माणसं अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साक्षीदाराचं. २०(३) मध्ये शब्द "आरोपी" आहे, भाऊ अजून आरोपी नाही. पण त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०, जुनं १६१. तपासी अंमलदाराने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला माणूस बांधील आहे, मात्र ज्या उत्तरामुळे तो स्वतःच फौजदारी आरोपात सापडू शकेल असे प्रश्न सोडून. हे संरक्षण साक्षीदाराला पण आहे, संशयिताला पण आहे. म्हणजे गप्प बसायची मुभा प्रश्नागणिक असते. सरसकट कुलूप लावता येत नाही.

ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांची केस ह्याच गोष्टीवरची. पोलिसांनी त्यांना प्रश्न लेखी दिले, त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावरच उत्तर न दिल्याचा खटला भरला. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे संरक्षण कोर्टापुरतं नाही, चौकशीच्या खोलीतही आहे, आणि नुसतं "मी केलं" एवढंच उत्तर त्यात येतं असं नाही, आरोपाच्या साखळीतली एखादी कडी जुळेल असं उत्तरही त्यात येतं. पण त्याच निकालात त्यांना हेही सांगितलं की ज्या प्रश्नांनी तुम्ही अडकत नाही त्यांची उत्तरं द्या.

आता हे भावाच्या प्रश्नांना लावून बघू. संस्थेत कधी लागला, पगार किती होता, शाखेत कोण कोण होतं, दिवसाअखेर रोकड कोण मोजायचं, ह्याची उत्तरं द्यावीत, खरी द्यावीत. ह्याला गप्प बसला तर त्याच्या मागे कायदा नाही. "व्हाउचरवरची ही सही तुझी का" हा मात्र वरवर साधा दिसणारा प्रश्न आहे, पण ते व्हाउचर बोगस कर्जाचं असेल तर हो म्हणणं म्हणजे कडी जुळवणं. तिजोरीच्या दुसऱ्या चावीचं पण तसंच, कारण बहुतेक पतसंस्थांत एक चावी मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे असते. प्लॉटचा प्रश्न तर सरळ त्याच्यावरच रोखलेला आहे. ह्या तीन प्रश्नांना "ह्याचं उत्तर दिल्याने माझ्यावर आरोप येऊ शकतो म्हणून देत नाही" असं तो म्हणू शकतो.

एक मात्र लक्षात ठेवा, खोटं बोलायचं संरक्षण कुठेच नाही. सही स्वतःची असून नाही म्हणाला तर त्या गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी वाईट.

निवृत्त जमादार

मी खात्यात नोकरी केलेला माणूस आहे, पेन्शनवर आहे, त्यामुळं मला जे दिसलं ते सांगतो. वकील ताई बरोबर सांगायल्यात पण ठाण्यात जबाब कसा लिहितात ते लोकांना माहीत नसतं.

जबाबात प्रश्न नसतातच. सुरुवात अशी असते, "समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारले वरून जबाब देतो की" आन पुढं सगळं सलग, मी अमुक गावचा, मी तमुक काम करतो, मग हकीकत. विचारलं काय आन माणूस कुठं गप बसला ते त्या कागदात उमटतच नाही. मग होतं काय, माणूस पाच प्रश्नाला बोलला, तीनाला गप बसला, रायटर घाईत असतो, वरून साहेब सांगायलेत, तो ती तीन उत्तरं आपल्या अंदाजानं भरून टाकतो. शेवटी "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे" हे तर ठरलेलंच. माणूस म्हणतो मी हे बोललोच नव्हतो, पण तोवर जबाब फायलीला लागलेला असतो.

म्हणून ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही तिथं नुसतं गप बसू नये. तोंडानं सांगावं की ह्याचं उत्तर देत नाही, जबाबात तसं लिहा. लिहिलं नाही तर घरी येऊन त्याच दिवशी एक अर्ज लिहावा, मला अमुक तमुक विचारलं, मी ह्या प्रश्नांना उत्तर दिलेलं नाही. तो तपासी अंमलदाराच्या नावानं आवकला देऊन शिक्क्याची पोच घ्यावी, एक प्रत एसपी ऑफिसला रजिस्टर एडीनं टाकावी.

आन जबाबावर सही करायची नसते हे तर पुष्कळ पोलिसांनाही ध्यानात राहत नाही. कायद्यात स्पष्ट आहे, लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नाही.

बाकी खरं सांगायचं तर गप बसल्यावर तपास करणाऱ्याला संशय येतोच. कायदा काही म्हणो, माणूस आहे तो.

रेणुका, वकील, परभणी

जमादार साहेबांनी फार कामाचं सांगितलं. सही न घेण्याचं कलम १८१, जुनं १६२. नोटीस मिळाल्याची सही मात्र करायची, जप्ती पंचनाम्यावर केली तरी हरकत नाही, पण जबाबावर आणि कोऱ्या कागदावर अजिबात नाही.

संशय येतो हेही खरं. पण संशय आला म्हणून अटक करताना किंवा जामिनाला विरोध करताना "सहकार्य करत नाही" हे कारण सरकारी वकील नेहमी देतात, तेव्हा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा संतोष विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दाखवावा. आपल्याच राज्यातला, अटकपूर्व जामिनाचाच विषय होता. आरोपीने गुन्हा कबूल केला नाही म्हणजे तपासात सहकार्य केलं नाही असं होत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. बोलावल्यावर न जाणं हा असहकार, गेल्यावर अडकवणाऱ्या प्रश्नाला नाही म्हणणं हा असहकार नाही.

त्यामुळे सुनील, पुढची नोटीस नीट बघा. तिच्यावर कलम ३५(३) असेल तर समजायचं की भाऊ आता साक्षीदार राहिला नाही, संशयित झाला. ती नोटीस टाळली तर अटकेचा रस्ता मोकळा होतो. त्यामुळे जायचंच, वकील घेऊन जायचं.

नांदेडची लॉ स्टुडंट

ताई एक विचारू का, पोलिसांनी आधी सांगायला नको का की तुम्हाला गप्प राहायचा अधिकार आहे, तुम्ही बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल वगैरे? सुनील दादांच्या भावाला तसं काहीच सांगितलेलं दिसत नाही, मग घेतलेला जबाब आपोआप रद्द होत नाही का?

रेणुका, वकील, परभणी

नाही होत. ती अमेरिकेतली पद्धत, तिथल्या मिरांडा केसवरून आलेली. कसाबच्या अपिलात २०१२ ला हाच मुद्दा घेतला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नियम आपल्याकडे जसाच्या तसा आणायला नकार दिला, कारण आपल्याकडे संरक्षण दुसऱ्या ठिकाणी ठेवलंय, पोलिसांसमोरची कबुली मुळात पुरावाच धरत नाहीत. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यायची असेल तर तिथे मात्र सांगावंच लागतं.

हे १८३ चं, म्हणजे लोक ज्याला अजून १६४ म्हणतात त्याचं, घरच्यांना माहीत असलेलं बरं. तपासात कधी कधी माणसाला समजावतात की मॅजिस्ट्रेटसमोर सांगून टाक, सुटशील. मॅजिस्ट्रेटने विचारायचं असतं की तुझ्यावर दबाव आहे का, तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, आणि विचार करायला वेळ द्यायचा असतो. त्या क्षणी माणूस "मला नाही द्यायची" म्हणाला तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवायला मॅजिस्ट्रेटला कायद्यानेच मनाई आहे. परत त्याच हातात जाईन ह्या भीतीने कुणी कबुली देऊ नये म्हणून ते वाक्य तिथे आहे.

किनवटचा भीमा

मग मी तेच तर म्हणलो ना, पोलिसांसमोरचं चालत नाही.

निवृत्त जमादार

भीमाभाऊ, तिथंच एक मोठी खिडकी आहे. मेमोरंडम पंचनामा ऐकलाय का? आरोपी पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत असतो, दोन पंच बोलावतात, आरोपी त्यांच्यासमोर सांगतो की "मी संस्थेतून उचललेली रक्कम आमच्या शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या पेटीत घालून कडब्याच्या गंजीखाली ठेवली आहे, चला दाखवतो". ते लिहून घेतात, मग गाडी, पंच, आरोपी सगळे शेतात, गंजी उपसली, पेटी निघाली, जप्ती पंचनामा. हे कोर्टात चालतं. आमच्या वेळेला कलम २७ म्हणायचे.

रेणुका, वकील, परभणी

हो, आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये परंतुक म्हणून आलंय. पण सगळं वाक्य नाही चालत. १९४६ ला प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या केसमध्ये जे सांगितलं ते आजही चालतं, वस्तू ज्या माहितीमुळे सापडली तेवढाच भाग आत येतो. जमादार साहेबांच्या वाक्यात "पत्र्याची पेटी गंजीखाली ठेवली आहे" एवढं राहतं, म्हणजे पेटी तिथे आहे हे ह्याला ठाऊक होतं. "संस्थेतून उचललेली" हे शब्द गाळायचे, तो भाग सरकारला दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावा लागतो. खालच्या कोर्टात कित्येकदा सगळं वाक्य तसंच वाचलं जातं आणि बचावाचा वकील उठून हरकत घेत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे वकील जागा असावा लागतो.

म्हणून भीमाभाऊ, "काय पण बोललं तरी चालत नाही" हा भरवसा धोक्याचा. बोललेल्यातून वस्तू निघाली की चाललं.

गेवराईचा ठेवीदार

हे सगळं वाचून रक्त खवळायलंय. माझ्या बापाच्या कापसाचे आन बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अशाच एका संस्थेत गेले, बाप त्या धक्क्यानं अंथरुणाला खिळला. आन इथं बसून कॅशियरला गप कसं बसायचं ते शिकवायलात? कॅशियरला माहीत नव्हतं का रोकड कुठं चालली? त्यानं तोंड उघडलं तर आमचे पैसे कुठं गेले ते कळंल ना. गप बसायचा हक्क त्यांना, मग आमचा हक्क कोणता?

अंबाजोगाईचा सुनील

भाऊ तुमचं दुःख मी समजू शकतो, आमच्या चुलत्याच्या ठेवी पण त्याच संस्थेत अडकल्यात, घरात भांडणं चाललीत. माझा भाऊ निर्दोष आहे असं मी इथं म्हणत नाही, मला पण सगळं माहीत नाही. मला फक्त एवढं कळून घ्यायचंय की कायदा त्याला काय देतो.

रेणुका, वकील, परभणी

गेवराईकर दादा, तुमचा राग खरा आहे. पण तुमचा पैसा कॅशियरच्या तोंडात नाही. तो रोजकीर्दीत आहे, कर्ज खतावणीत आहे, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, संचालकांच्या नातेवाइकांच्या सातबाऱ्यावर आहे. ह्यातली एकही गोष्ट गप्प बसून लपत नाही. झडती घेऊन दप्तर जप्त करणं म्हणजे कुणाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नाही, हे १९५४ पासून ठरलेलं आहे. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा वेगळा कायदा आहे, एमपीआयडी, त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून विकता येते आणि त्यासाठी कुणाच्या कबुलीची गरज नाही. तुम्ही तुमच्या केसमध्ये जप्तीच्या अधिसूचनेचं काय झालं, सक्षम प्राधिकारी कोण नेमलाय, मालमत्तांच्या यादीत काय काय आलंय ह्याच्या मागे लागा.

आणि कबुलीवर उभा केलेला तपास अपिलात आधी पडतो. मग संचालक पण सुटतात.

गेवराईचा ठेवीदार

अधिसूचना, प्राधिकारी, हेलपाटे मारून मारून चपला झिजल्या. तुम्ही म्हणता ते बरोबर असंल ताई पण मला ते पटत नाही. ज्याला माहीत आहे त्यानं सांगायलाच पाहिजे.

झेडपीचे गुरुजी

विषयाला धरूनच विचारतो. माझ्यावर शालेय पोषण आहाराच्या तांदळाच्या हिशोबावरून खातेनिहाय चौकशी लागली आहे. चौकशी अधिकारी प्रश्नावली देऊन लेखी खुलासा मागतायत. इथे वाचलं की गप्प बसायचा अधिकार आहे, तर मी खुलासाच देत नाही असं कळवू का?

रेणुका, वकील, परभणी

गुरुजी, अजिबात तसं करू नका! २०(३) फौजदारी गुन्ह्याच्या आरोपीसाठी आहे. खातेनिहाय चौकशीत खुलासा दिला नाही तर तुमचं काही म्हणणं नाही असं धरून चौकशी एकतर्फी पुढे जाते, आणि तिथे पुराव्याची पट्टी फौजदारी कोर्टाइतकी कडक नसते. तुमच्यावर त्याच हिशोबाचा पोलिसात गुन्हा पण दाखल आहे का? तसं असेल आणि दोन्हीकडे आरोप, साक्षीदार, कागद तेच असतील तर फौजदारी खटल्यातला तुमचा बचाव आधीच उघडा पडू नये म्हणून खातेनिहाय चौकशी थांबवायची मागणी करता येते, पॉल अँथनी केस, १९९९. पण दरवेळी स्टे मिळतोच असं नाही. गुन्हा नसेल तर मुदतीत सविस्तर खुलासा द्या.

झेडपीचे गुरुजी

गुन्हा नाही अजून. पण गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पोलिसात देतो असं तोंडी म्हटलंय.

रेणुका, वकील, परभणी

मग खुलासा कुणा फौजदारीच्या वकिलाला दाखवून मगच द्या, कारण तो कागद उद्या गुन्ह्यात तुमच्याविरुद्ध पुढे येऊ शकतो. पोलिसांसमोरच्या कबुलीला असलेलं संरक्षण खात्याला दिलेल्या लेखी खुलाशाला नाही.

आता सुनीलच्या सह्यांचं राहिलं. नमुना सही, हस्ताक्षर, बोटांचे ठसे हे द्यायला लावणं २०(३) मध्ये बसत नाही. १९६१ ला काथी कालू ओघड केसमध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हे ठरवलंय, त्यामुळे त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कारण असं की सहीतून तुम्ही काही सांगत नाही, ती फक्त जुळवून बघायला लागते. आवाजाच्या नमुन्याचं पण २०१९ ला रितेश सिन्हा केसमध्ये तसंच ठरलं. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग मात्र संमतीशिवाय नाही, सेल्वी केस, २०१०, कारण तिथे माणसाच्या डोक्यातलं त्याच्या मर्जीविरुद्ध बाहेर काढतात.

पण तोंडी सांगितलं म्हणून सह्या देत बसू नका. कलम ३४९ खाली मॅजिस्ट्रेटचा आदेश घ्यायची सोय आहे आणि आता अटक न झालेल्या माणसाला पण तसा आदेश देता येतो. नम्रपणे सांगायचं, आदेश आणा, लगेच देतो. आदेश आल्यावर मात्र द्यायच्या. आणि सही मुद्दाम वेडीवाकडी करू नका, हस्ताक्षर तज्ञाला ते कळतं आणि कोर्टात वाईट दिसतं.

नांदेडची लॉ स्टुडंट

आणि मोबाइलचं? आमच्या मूट कोर्टला हाच विषय होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ ला पासवर्ड देणं म्हणजे साक्ष देणं नाही असं म्हटलं, सहीसारखंच धरलं. पण दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ ला उलट म्हटलं, पासवर्ड डोक्यातला असतो म्हणून सक्तीने मागता येत नाही, बोट किंवा चेहरा लावून घेता येईल. मला दुसरं जास्त पटतं पण मग बोटाने उघडणाऱ्याला संरक्षण नाही आणि आकडे टाकणाऱ्याला आहे, हे जरा विचित्र होतं.

रेणुका, वकील, परभणी

विचित्र होतंच. आपल्या खंडपीठात अर्ज टाकायची वेळ आली तर मी दिल्लीच्या बाजूने बोलेन, सेल्वीचा आधार घेऊन, पण निकाल आपल्यासारखाच लागेल असं अशिलाला छातीठोकपणे सांगणार नाही. सुनील, मोबाइल ताब्यात मागितला तर जप्ती पंचनामा करून द्या, आयएमईआय नंबर त्यात लिहिलाय का बघा, हँडसेट तुमच्यासमोर सील करायला सांगा. पासवर्डचं "वकिलाशी बोलून सांगतो" म्हणायचं. आणि घरी बसून चॅट डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो.

अंबाजोगाईचा सुनील

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. भाऊ वकिलाला घेऊन गेला. वकील समोरच्या बाकड्यावर, दिसेल असं बसू दिलं, पण मधी बोलू दिलं नाही. तीन प्रश्नांना उत्तर देत नाही असं जबाबात लिहायला लावलं, आधी नाही म्हणले, मग लिहिलं. सही घेतली नाही. मोबाइल पंचनामा करून दिला, पासवर्ड दिला नाही. निघताना कलम ३५(३) ची नोटीस हातात दिली. म्हणजे ताई म्हणल्या तसं आता तो संशयित. सह्यांसाठी कोर्टात अर्ज टाकतो म्हणले.

उद्या समजा दोषारोपपत्रात नाव आलं आन केस उभी राहिली तर तिथं गप बसल्याचं काय होतं?

रेणुका, वकील, परभणी

वकील बसलेला दिसत होता हे चांगलं झालं. कलम ३८ मध्ये चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ नाही, त्यामुळे एवढं मिळालं ते ठीक.

खटल्यात सरकारचे साक्षीदार झाले की न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा वाचून विचारतात, हे साक्षीदार असं म्हणाले, तुमचं काय म्हणणं. जुनं ३१३, आता ३५१. तिथे शपथ नसते, उत्तर दिलं नाही तरी शिक्षा नाही. ह्याशिवाय स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जायचं तर आरोपीने स्वतः लेखी मागावं लागतं, आणि तो गेला नाही म्हणून सरकारी वकिलाला किंवा कोर्टाला त्यावर टिप्पणीसुद्धा करता येत नाही.

शरद सारडा केस, १९८४, त्यातल्या मुलीचं माहेर आपल्या बीडचं, तिने माहेरी लिहिलेली पत्रं त्या खटल्यात फार गाजली. त्यात सांगितलं की आरोपीचं खोटं किंवा न पटणारं उत्तर सरकारच्या पुराव्यातली भोकं बुजवायला वापरता येत नाही, साखळी आधी सरकारने पूर्ण करायची. आणि जो मुद्दा आरोपीला विचारलाच नाही तो त्याच्याविरुद्ध धरता येत नाही.

पण व्यवहारात सांगते, ३५१ ला सगळ्यालाच "खोटं आहे, माहीत नाही" म्हणत बसणारे आरोपी पुष्कळदा स्वतःचं नुकसान करतात. भावाने मॅनेजरच्या चिठ्ठीवरून रोकड दिली असेल, तर ते सांगायची ती हक्काची जागा आहे. तपासात गप्प आणि खटल्यात बोलका, असं एकाच माणसाने करायला काही हरकत नाही.

निवृत्त जमादार

चिठ्ठीवरून आठवलं, अशा संस्थेत कॅशियर लोक आपली खाजगी डायरी ठेवतात, कुणाच्या सांगण्यावरून किती दिले ते. भावाकडं असली तर तपासाला सोनं आहे.

अंबाजोगाईचा सुनील

आहे जमादार साहेब. म्हणूनच तर झोप लागत नाही. त्यात संचालकांची नावं, तारखा सगळं हाय. पण काही ठिकाणी त्यानं स्वतः उचल घेतल्याचं पण लिहिलंय.

गेवराईचा ठेवीदार

सुनील भाऊ, ती डायरी द्या. हात जोडून सांगतो.

रेणुका, वकील, परभणी

सुनील, हे उघड्यावर लिहायला नको होतं, पण लिहिलंच आहे तर ऐका. डायरी जाळायची, फाडायची, कुठे दडवायची नाही, ते केलं की सगळं संरक्षण बाजूला राहतं आणि नवा गुन्हा अंगावर येतो. झडतीत सापडली तर ती पुरावा होते, तिथे गप्प बसायचा हक्क कामाला येत नाही. स्वतःहून नेऊन द्यायची का, हा वेगळा निर्णय. एक रस्ता माफीच्या साक्षीदाराचा आहे, कलम ३४३. त्यात कोर्टाने माफी देऊ केली तर स्वतःच्या भागासकट सगळं खरं सांगावं लागतं, काही लपवलं तर माफी जाते आणि खटला परत उभा राहतो. माफी मिळण्याआधी डायरी दिली तर उचलीच्या नोंदी पण दिल्या, आणि नंतर माफी मिळालीच नाही तर त्या परत घेता येत नाहीत. म्हणून आधी त्याच्या वकिलाने तपासी अंमलदार आणि सरकारी वकिलाशी ह्याबद्दल बोलावं, डायरीचं पुढचं पाऊल त्यानंतर. ह्या आठवड्यात त्याला वकिलाकडे बसवा, आणि ह्या विषयावर इथे आता काही लिहू नका.

अंबाजोगाईचा सुनील

ठीक आहे ताई. उद्याच नेतो.